चोवीस जागांची यादी आणि माझा तिसरा नियम

धारूरच्या तहसील कचेरीसमोर, रस्त्याच्या डाव्या अंगास, पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल गेली बावीस वर्षे आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले हे मी कधी लपविले नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज त्रुटीसाठी परत आला, असे फार क्वचित घडले आहे. फेरफार असो, वारसनोंद असो वा रेशनकार्डातील नावाची दुरुस्ती, बालाघाटाच्या डोंगरकडेपासून खाली बाजारपेठेपर्यंतचे लोक माझ्याकडेच येतात. कचेरीतील कारकूनसुद्धा नवीन माणसाला "आधी मुन्शीकडून लिहून आणा" असे सांगतात. ही माझी प्रतिष्ठा मी स्वतः कमावलेली आहे आणि ती सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

म्हणूनच त्या वर्षी दिवाळीनंतर, आमच्याकडील निवृत्त पशुधन पर्यवेक्षक माझ्या टेबलापाशी आले आणि "यादी तुम्हीच सांभाळा" म्हणाले, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. पंचक्रोशीत त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. शेळ्यांच्या प्राथमिक उपचारांची दोन दिवसांची कार्यशाळा ते वर्षातून एकदाच घेतात: ताप मोजणे, जंताचे औषध पाजणे, खूर छाटणे, पोटफुगी ओळखणे, कोणती लस केव्हा टोचून घ्यावी हे समजणे, आणि करडू अडले तर काय करावे व काय करू नये. या कार्यशाळेला येण्यासाठी लोक धडपडतात, कारण डॉक्टर फळ्यावर शिकवीत नाहीत, शेळी हातात देतात.

जागा मात्र चोवीसच. मी एकदा विचारले, "साहेब, तीस करा की. मंडप मोठा आहे."

"मंडप मोठा आहे हो, शेळ्या आठच आहेत," डॉक्टर म्हणाले. "एका शेळीला तीन माणसं. एकानं धरायचं, एकानं करायचं, एकानं बघायचं, मग पाळी बदलायची. चौथा आला की शेळी बिथरते आणि माणसंबी गप्पा मारायला लागतात."

हे मला पटले. मर्यादा का आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती ठामपणे पाळता येते.

मी नवी वही घेतली, रकाने आखले आणि पहिल्या पानावर चार नियम लिहिले. पहिला: नाव ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने जागा. दुसरा: आपली जागा परस्पर दुसऱ्यास देता येणार नाही, सुटलेली जागा प्रतीक्षा यादीच्या क्रमानेच दिली जाईल. तिसरा: जागा रद्द करावयाची असल्यास संबंधिताने समक्ष येऊन, सही अथवा अंगठ्यानिशी लेखी अर्ज द्यावा, तोंडी सांगणे ग्राह्य धरले जाणार नाही. चौथा: प्रतीक्षा यादीतील ज्यास जागा मिळाली, त्याने कळविल्यापासून एका तासाच्या आत होकार द्यावा, अन्यथा जागा पुढील क्रमांकास जाईल.

तिसऱ्या नियमाचा मला विशेष अभिमान होता. तोंडी शब्दाने काय होते ते मी बावीस वर्षे पाहत आलो आहे. भाऊ भावाला तोंडी "घे" म्हणतो आणि वीस वर्षांनी दोघे माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत नाहीत. माझ्या वहीत असले काही होणार नाही, असे मी ठरविले होते.

नोंदणीच्या दिवशी सकाळी नऊ ते साडेअकरा एवढ्या वेळात चोवीस जागा भरल्या. नोंदणीला शुल्क नव्हते, त्यामुळे "असू द्या एक नाव" म्हणूनही काहींनी लिहवून घेतले. चोविसावे नाव लिहून मी पेन खाली ठेवतो न ठेवतो तोच एक बाई धापा टाकीत आली. डोंगरावरच्या मेंढपाळ वस्तीवरची, तिशीच्या आसपासची, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला आणि पायात टायरच्या चपला.

"दादा, शेळ्यांचं शिकवायचं नाव हितंच लिहितेत का?"

"इथेच लिहितात. पण जागा संपल्या."

"संपल्या?" तिने माझ्या वहीकडे असे पाहिले की जणू वहीनेच त्या खाल्ल्या. "आत्ता तर खालच्या हाटेलात सांगितलं, दोन हायत म्हणून."

"तेव्हा होत्या. आता प्रतीक्षा यादीत नाव लिहितो. तुमचा क्रमांक पहिला. कुणी रद्द केले तर सर्वप्रथम तुम्हाला."

ती खाली बसली. मग तिने जे सांगितले ते मी वहीत लिहिले नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता. पण ते माझ्या लक्षात राहिले. गेल्या हंगामात कळप घेऊन ते खाली नांदूरघाटाकडच्या रानात उतरले होते. वाटेत अकरा करडे गेली. संध्याकाळी उड्या मारणारे करडू सकाळी पाय ताठ करून पडलेले असायचे. गाव लांब, डॉक्टर लांब, आणि कळपात कुणालाच काही कळत नव्हते. या वर्षी पंधरा-सोळा शेळ्या गाभण होत्या आणि त्या वाटेतच विणार होत्या.

"तीन आठवड्यांनी निघायचंय आमाला," ती म्हणाली. "त्याच्या आत शिकले तर शिकले. न्हाईतर पुढच्या साली काय, शेळ्या थांबत न्हाईत इवायच्या."

मी तिच्या दिराचा फोन नंबर लिहून घेतला. वस्तीवर तेवढा एकच फोन होता. तिला क्रमांकाची चिठ्ठी दिली. तिने ती नीट घडी करून कनवटीला लावली.

माझ्या शेडच्या बाजूलाच माझ्या मित्राचा फळांचा गाडा असतो. त्या दिवसांत सीताफळे जोरात होती आणि त्याच्या गाड्यापाशी सारखी माणसे उभी असायची. तो हे सगळे ऐकत होता. बाई गेल्यावर तो म्हणाला, "मुन्शीजी, त्या बाईला घ्या की आत. चोवीसचे पंचवीस झाले तर कोण मोजायलंय?"

"मी मोजतोय."

"तेबी खरं हाय," तो म्हणाला आणि सीताफळे चाचपून पिकलेली वेगळी करू लागला.

प्रतीक्षा यादी एकोणीस नावांपर्यंत गेली. त्यानंतरचे दहा दिवस एकही रद्द झाले नाही. मला वाटले, नियमांचा धाक बसला. फक्त चोवीसांच्या यादीतला नवव्या क्रमांकाचा एक इसम येऊन म्हणाला, "मुन्शी, माझ्या जागी माझा मेव्हणा येईल. मला जमंना."

"नियम दोन. जागा तुमची आहे, मेव्हण्याची नाही. तुम्ही रद्दचा अर्ज द्या, मी प्रतीक्षा यादीतला पहिला क्रमांक बोलावतो. मेव्हण्याचे नाव विसावे लिहितो."

"मग ऱ्हाऊ द्या. मीच येतो." आणि तो तरातरा निघून गेला.

बाजाराच्या दिवशी ती बाई पुन्हा आली. डोंगरावरून उतरून यायचे म्हणजे तिचा अर्धा दिवस मोडत असे.

"झालं का दादा, एखादं रद्द?"

"एकही अर्ज आलेला नाही."

"चोवीसच्या चोवीस येणार?" तिला ते खरे वाटत नव्हते. "कुणाच्या घरी लगीन न्हाई, मयत न्हाई, काईच न्हाई?"

"वहीप्रमाणे चोवीसच्या चोवीस येणार."

ती उठली, चिठ्ठी पुन्हा कनवटीला लावली आणि गेली. फळवाला माझ्याकडे पाहत होता. त्याला काही सांगायचे होते असे मला वाटले. परंतु गिऱ्हाईक आले आणि ते राहून गेले.

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता मी चोवीस नावांची हजेरीपत्रिका स्वच्छ अक्षरात उतरवीत होतो. फळवाला चहाचे दोन पेले घेऊन आला आणि वाकून बघू लागला.

"हे सहावं नाव कावून लिहिलंय?"

"कारण तो येणार आहे."

"तो?" फळवाला हसला. "तो तर परवाच पुण्याला गेलाय, पोरीच्या बाळंतपणाला. जाताना माझ्याकडून दोन डझन सीताफळं नेली की. म्हणला, आता शेळ्यांचं काय होत न्हाई आपलं."

मी पेन थांबविले.

"आणि हा सिरसाळ्याचा," त्याने बोट ठेवले. "याच्याकडं उद्या सोयरीक हाय. पाव्हण्यांसाठी फळं सांगून गेलाय. ही दोघं भाऊ हायत ना? यांचं सोयाबीनचं मशीन उद्याच लागायलंय. महिन्याभरानं मशीन मिळालंय, ते काय सोडतेत का. आन् हा मेव्हणावाला, तो तर येतच न्हाई. पाच झाले. अजून सांगू का?"

"तुला हे केव्हापासून माहीत आहे?"

"कुणाचं आठ दिस झाले, कुणाचं चार."

"आणि तू मला सांगितले नाहीस?" माझा आवाज चढला. "त्या बाईने दोन खेपा घातल्या, तू इथे उभा होतास!"

त्याने पेला खाली ठेवला. "मुन्शीजी, मी कसं सांगू? तुमाला लेखी लागतंय. मी त्या दोघा भावांना म्हणलो बी, मुन्शीजींना सांगून जा म्हणून. तर धाकटा काय म्हणला माहितेय? म्हणला, नको बाबा. सांगायला गेलं की अर्ज लिहायला बसवतेत, सही घेतेत, कारण विचारतेत. न गेलेलं बरं. गेलो न्हाई तर कोण फाशी देतंय का?"

चोवीस माणसांच्या मनातील गोष्ट सबंध बाजाराला ठाऊक होती, सीताफळांच्या गाड्याला ठाऊक होती; ज्याच्या हातात यादी होती त्या एकट्यालाच ठाऊक नव्हती, आणि त्याने स्वतःच तशी व्यवस्था करून ठेवली होती. अर्ज आला नाही याचा अर्थ जागा भरलेली आहे, असा मी घेतला. अर्ज आला नाही याचा अर्थ अर्ज आला नाही, एवढाच होता.

मी वही उघडली, लाल पेन घेतले आणि तिसऱ्या नियमावर एक आडवी रेघ मारली. स्वतःच्या हस्ताक्षरावर रेघ मारणे मला कधी आवडलेले नाही. त्याखाली लिहिले: "रद्द करणे तोंडी, फोनवर अथवा निरोपाने चालेल. कारण विचारले जाणार नाही." मग फोन जवळ ओढला आणि पहिल्या नावापासून चोविसाव्यापर्यंत प्रत्येकाला लावू लागलो. त्या दिवशी एकही अर्ज लिहायचा नाही असे ठरविले. समोर दोन माणसे बसली होती, त्यांना उद्या या म्हणालो.

फोनवर मी एकच वाक्य बोलत होतो: "उद्या सकाळी साडेनऊला येणार का, एवढेच सांगा. येत नसाल तरी राग नाही, जागा दुसऱ्याला द्यायची आहे."

पुण्याला गेलेला म्हणाला, "अहो मुन्शी, बरं झालं तुमीच फोन केला. मला तर तोंड दाखवायची लाज वाटायलती."

दोघा भावांपैकी थोरल्याच्या मागे मशीनचा आवाज घरघरत होता. तो ओरडला, "न्हाई येत! दोघंबी न्हाई! अर्ज आणायला कुणी रिकामं न्हाई हितं!"

"अर्ज नको," मीही ओरडलो. "फोनवरचे चालते आता!"

"चालतंय?" त्याला ऐकू आले नाही की विश्वास बसला नाही कोण जाणे. "मग आधीच कावून न्हाई सांगितलं?"

सिरसाळ्याच्या माणसाने सोयरिकीचे आमंत्रण दिले. मेव्हणावाला मात्र "येतोय म्हणलं की" असे म्हणून फोन ठेवून दिला. नांदूरघाटच्या एकाचा फोन बंद होता. बाकीचे अठरा पक्के.

म्हणजे चार जागा निश्चित रिकाम्या, दोन संशयित. संशयित जागा कुणाला देता येत नाहीत. ज्याने नाही म्हटलेले नाही, त्याची जागा त्याचीच. परंतु तयारी ठेवता येते. मी प्रतीक्षा यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या क्रमांकांना फोन लावून जागा दिल्या. तिघांनी तिथल्या तिथे होकार दिला. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांना स्पष्ट सांगितले की जागेची हमी नाही. साडेनऊनंतर एखादी सुटली तर जे दारात हजर असतील त्यांना क्रमाने मिळेल. पाचवा दूरचा होता, तो म्हणाला, "हमी न्हाई तर एवढ्या लांबून कशाला येऊ, पुढच्या खेपेला धरा माझं." सहावा धारूरचाच होता, तो म्हणाला, "येऊन उभा ऱ्हातो."

आणि पहिला क्रमांक? तिला मी प्रतीक्षेतल्या सगळ्यांच्या आधी फोन लावला होता. दिराचा फोन लागत नव्हता. दहा मिनिटांनी लावला, वीस मिनिटांनी लावला. डोंगराच्या त्या अंगाला चराईवर असताना फोन लागत नाही हे फळवाल्याने सांगितले; दिवस मावळायच्या सुमारास कळप वस्तीवर आला तर लागतो, तोही चार्जिंग असेल तर.

दीड वाजला. चौथ्या नियमाप्रमाणे तास उलटून गेला होता. सातव्या क्रमांकाचा इसम, ज्याला कुठून तरी सगळे कळले होते, माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"मुन्शी, पहिल्या नंबरचा होकार न्हाई आला ना? तास झाला. नियम तुमीच लिहिलाय."

"सहावा तुमच्या आधी आहे."

"सव्वा तास होईल आता. सहाव्याला द्या, मग मला उद्या दारात उभं ऱ्हायला कारण तरी ऱ्हाईल. पण त्या बाईसाठी कावून अडवून धरताय?"

त्याचे म्हणणे वहीप्रमाणे बरोबर दिसत होते. परंतु मी बावीस वर्षे नोटिसा वाचत आणि त्यांना उत्तरे लिहीत आलो आहे. मी त्याला सांगितले, "नियमात लिहिले आहे, कळविल्यापासून एक तास. तिला अजून कळविलेलेच नाही. नोटीस बजावल्याशिवाय मुदत सुरू होत नाही. मी फोन लावला म्हणजे मी कळविले असे होत नाही. तिच्या कानावर गेले म्हणजे कळविले."

"मग कधी जाणार तिच्या कानावर?"

"आज," मी म्हणालो आणि वही बगलेत मारून उठलो. "भाई, गाडी काढ."

फळवाल्याने गाड्यावर ताडपत्री ओढली आणि शेजारच्या चपलावाल्याला लक्ष ठेवायला सांगितले. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, वही छातीशी धरून मी डोंगराकडे निघालो. किल्ल्याच्या बाजूने वर जाणारा रस्ता पुढे कच्चा होतो आणि मग तोही संपतो. तिथून पायी. फळवाला पुढे, मी मागे. माझे गुडघे असल्या कामाचे राहिलेले नाहीत. पण त्या दिवशी मी एकदाही बसलो नाही.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. पाहतो तर सगळे बिऱ्हाड बांधलेले. घोड्यांवर घालायची गोणपाटे बाहेर काढलेली, भांड्यांची गाठोडी, जाळी गुंडाळून ठेवलेली. एक म्हातारी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती त्या बाईची सासू निघाली.

"कोण बाबा?"

मी माझे काम सांगितले. म्हातारीने हात थांबविला नाही. "म्हंजे तुमीच का ते वहीवाले? दोनदा गेलती माझी सून तुमच्याकडं. दोन्ही बारी रिकाम्या हातानं आली. म्हणून पोरांनी ठरिवलं, मग आठवडा कशाला थांबायचं, उद्याच निघू. आता कशाला आलाव?"

"जागा निघाली आहे. उद्यापासून दोन दिवस."

"उद्यापासून?" म्हातारीने आता माझ्याकडे नीट पाहिले. "ह्या जागा काय आज दुपारी उगवल्या का?"

फळवाला खोकला. मी मात्र सरळ सांगितले, "नाही आजी. आठ दिवसांपूर्वीच रिकाम्या झाल्या होत्या. माझ्या एका नियमामुळे मला कळले नाही. चूक माझी आहे." हे वाक्य मी दुसऱ्यांसाठी शेकडो अर्जांत लिहिलेले आहे. स्वतःसाठी, तोंडी, पहिल्यांदाच बोललो.

थोड्या वेळाने घंटा ऐकू आल्या आणि कळप टेकडीवरून खाली उतरला. सर्वांत मागे ती होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दिवसा व्यालेल्या शेळीचे ओले करडू. आम्हाला पाहून ती थबकली.

मी वही उघडून उभ्यानेच वाचून दाखविले: "प्रतीक्षा यादीतील क्रमांक एक, आपणास कार्यशाळेत जागा देण्यात येत आहे. आपण या क्षणापासून एका तासाच्या आत होकार अथवा नकार कळवावा."

"तास कशाला," ती पटकन म्हणाली, "आत्ताच सांगते की..." आणि मग तिची नजर बांधलेल्या बिऱ्हाडाकडे गेली. तिने करडू खाली ठेवले. ते लटपटत उभे राहिले. "दादा, उद्या पहाटं निघायलोत आमी. घोडी सांगितल्यात. खतासाठी रानात कळप बसवायचा शब्द दिलाय मालकाला."

दीर म्हणाला, "दोन दिस थांबता येत न्हाई वहिनी. रानाचा मालक दुसरा कळप बसवील."

तास चालू झाला होता आणि मी मनात तो मोजत होतो, हे मी कबूल करतो.

म्हातारीने तव्यावरची भाकरी उलटली. "कळप काय आगगाडी हाय का?" ती म्हणाली. "दोन दिसात लई गेला तर केजाच्या अलीकडं जाईल. हिला यष्टीनं गाठता येत न्हाई का? जा गं तू. तुझ्या वाटणीचं मी हाकते."

"आत्याबाई, तुमचे पाय..."

"माझे पाय माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. गेल्या साली अकरा करडं पुरली ती मीच. खड्डे खांदायला पाय लागत न्हाईत का?"

ती बाई माझ्याकडे वळली. "लिवा दादा. येते म्हणून लिवा. अंगठा कुठं लावू?"

"अंगठा नको," मी म्हणालो. "तुम्ही बोललात, मी ऐकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी मंडपाशी गेलो, तर ती पायरीवर आधीच बसलेली होती. उजाडायच्या आत कळपाला वाटेला लावून तशीच खाली उतरली होती. साडेनऊच्या आत अठराही पक्के आले, प्रतीक्षा यादीतले तिघे आले. नांदूरघाटचा फोन बंद असलेला इसम नऊ वाजताच आला. त्याचा फोन हौदात पडला होता. त्याची जागा मी कुणाला दिली नव्हती याचे मला फार समाधान वाटले. म्हणजे तेवीस झाले. नवव्या क्रमांकाची जागा तेवढी उरली.

नऊ पंचवीसला एक तरुण हातात चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी नवव्या क्रमांकाची होती, माणूस मेव्हणा होता.

"दाजींनी दिलीय. त्यांच्याऐवजी मी."

"दाजींचे नाव आहे, तुमचे नाही. जागा बदलून मिळत नाही."

"मुन्शी, शेळी काय नाव विचारणार हाय का मला?"

"शेळी विचारणार नाही. मी विचारतो."

मागचे काही लोक हसले. तो तापला, डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर शेळ्यांना बांधत होते. त्यांनी मागे वळूनही न पाहता सांगितले, "यादी त्यांच्याकडं. मला विचारू नका."

साडेनऊ वाजले. मी आणखी पाच मिनिटेही थांबलो नाही. थांबलो असतो तर दारात उभ्या असलेल्या सहाव्या क्रमांकावर अन्याय झाला असता. त्याचे नाव पुकारले आणि त्याला आत घेतले. मेव्हण्याचे नाव पुढच्या खेपेच्या प्रतीक्षेत लिहायला मी तयार होतो. त्याने नको म्हटले आणि दिवसभर कुंपणाबाहेर उभा राहून सगळे पाहिले. मी त्याला हटकले नाही. कुंपणाबाहेरच्या माणसांची मर्यादा कुणी ठरविलेली नव्हती.

मी दोन्ही दिवस मंडपात होतो. ती बाई पाचव्या शेळीला होती. धरायच्या पाळीला ती शेळी अशी धरायची की डॉक्टरच म्हणाले, "हिच्याकडून धरायचं शिका." पण ताप मोजताना, थर्मामीटरमधला आकडा वाचताना ती अडली. तिला आकडे ओळखता येत नव्हते. शेजारच्या दोघांनी तिला पाऱ्याची खूण दाखविली: इथवर असला तर बरे, इथून वर गेला तर ताप. तिने ती खूण नखाने इतक्या वेळा चाचपली की शेवटी डॉक्टरांनी त्या जागी लाल दोरा गुंडाळून ते थर्मामीटर तिलाच देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी चारला ती बसस्टँडकडे निघाली. पिशवीत थर्मामीटर, जंताच्या औषधाची बाटली आणि फळवाल्याने कोंबलेली सीताफळे. जाताना फक्त म्हणाली, "येते दादा." मी नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे "पूर्ण" असे लिहिले.

त्यानंतर माझ्या वहीत बरेच बदल झाले. कार्यशाळेच्या आठ दिवस आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी मी प्रत्येकाला स्वतः फोन करतो. रद्दसाठी आता नवा रकाना आहे, त्याचे शीर्षक "निरोप", आणि त्यात बहुतेक नोंदी फळांच्या गाड्यावरून आलेल्या असतात. मात्र तिथून आलेला प्रत्येक निरोप मी त्या माणसाला विचारून खरा करून घेतो, कारण गाड्यावरचे सगळेच खरे नसते. ज्यांचा फोन चराईवर लागत नाही, त्यांच्या नावापुढे कुठल्या वेळी आणि कुणामार्फत कळवायचे ते मी नोंदणीच्याच वेळी लिहून घेतो.

त्या वर्षी माघात एकदा नांदूरघाटकडचा एक कापूस व्यापारी कचेरीत आला होता. सीताफळांचा हंगाम संपला होता, गाड्यावर पेरू होते. पेरू घेता घेता त्याने फळवाल्याला विचारले, वहीवाले मुन्शी ते कोणते? फळवाल्याने माझ्याकडे बोट दाखविले.

"मेंढपाळाच्या एका बाईनं निरोप दिलाय तुमाला," तो म्हणाला. "पंधरा शेळ्या इल्या. दोन करडं आजारी पडली, वाचली. एक गेलं. बाकी सगळी हायत म्हणली."

निरोप तोंडी होता. आणणारा अनोळखी. सही नाही, अंगठा नाही, तारीखही नाही. मी वही काढली, तिचे पान उघडले आणि जसा ऐकला तसा, शब्दही न बदलता, तिच्या नावापुढे लिहून घेतला.